ड्रॉइंगवरच्या बायलॅटरल टॉलरन्सवरून शाफ्टचा कमाल आणि किमान व्यास कसा काढायचा

आयटीआयच्या पुस्तकात हे गणित दोन ओळींत उरकलेलं असतं. बेसिक मापात वरचा आकडा मिळवा, खालचा आकडा वजा करा, झालं. तरीही नवीन टर्नर किंवा ग्राइंडर जॉब घेऊन तपासणीच्या टेबलावर येतो तेव्हा त्याने कागदावर लिहिलेल्या लिमिट निम्म्या वेळा एकदा तपासून पाहाव्या लागतात. गडबड बेरीज-वजाबाकीत क्वचितच असते. ती चिन्हं वाचण्यात असते, दशांश चिन्हानंतरच्या शून्यांत असते आणि व्यास व त्रिज्या यांच्या घोळात असते. म्हणून एकच शाफ्ट घेऊन सावकाश जाऊ.

शाफ्ट साधा आहे. त्याच्या एका टोकाला ६२०८ नंबरचं बॉल बेअरिंग बसतं. या बेअरिंगचं भोक ४० मिमी, बाहेरचा व्यास ८० मिमी आणि रुंदी १८ मिमी. बेअरिंग पुढे सरकू नये म्हणून त्याला टेकायला मागे ४८ मिमीचा खांदा ठेवला आहे. ड्रॉइंगवर खांद्याचं माप ∅४८ ± ०.१ असं लिहिलंय. बेअरिंगच्या जागेवर ∅४० लिहून त्याच्या उजवीकडे बारीक अक्षरांत दोन आकडे एकाखाली एक दिले आहेत, वर +०.०११ आणि खाली −०.००५. सगळी मापं मिलिमीटरमध्ये आहेत. हे गृहीत धरू नका, ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमध्ये एकदा बघून घ्या.

आधी सोपं माप: ∅४८ ± ०.१

यातला ४८ हा बेसिक साइझ. जॉब नेमका ४८.००० झाला पाहिजे असं ड्रॉइंग म्हणत नाही. पुढचे आकडे जिथून मोजायचे ती ही जागा आहे. ± चिन्हाचा अर्थ असा की या जागेपासून वर ०.१ पर्यंत गेलं तरी चालेल आणि खाली ०.१ पर्यंत आलं तरी चालेल. दोन्ही बाजूंना सूट आहे म्हणून हा बायलॅटरल टॉलरन्स, आणि दोन्हीकडची सूट सारखी आहे म्हणून एकाच आकड्यात काम भागलं.

कमाल व्यास ४८ + ०.१ = ४८.१ मिमी.
किमान व्यास ४८ − ०.१ = ४७.९ मिमी.

टॉलरन्स म्हणजे या दोन मापांमधलं अंतर, ०.२ मिमी. इथे नवा माणूस बहुतेक वेळा ‘टॉलरन्स ०.१’ असं सांगतो. बोलण्यात ते खपून जातं, कारण शॉपमध्ये सगळेच ‘प्लस-मायनस शंभर मायक्रॉन’ म्हणतात. पण प्रोसेस शीटवर टॉलरन्सचा रकाना भरायचा असेल तर तिथे ०.२ येतं. ०.१ लिहिलंत की पुढच्या माणसाला वाटेल, जॉब दुप्पट नाजूक आहे.

आता खरं माप: ∅४०, वर +०.०११, खाली −०.००५

इथेही टॉलरन्स बायलॅटरलच आहे, फक्त दोन्हीकडची सूट सारखी नाही. वरचा आकडा म्हणजे अप्पर डेव्हिएशन, खालचा म्हणजे लोअर डेव्हिएशन. मोठं माप देणारा आकडा वर लिहायचा ही पद्धत आहे. पण जुन्या, हाताने काढलेल्या किंवा घाईत दुरुस्त केलेल्या ड्रॉइंगवर वर-खाली झालेलं सापडतं. म्हणून जागेवर विसंबू नका, चिन्ह वाचा.

नियम एकच लक्षात ठेवा: बेसिक मापात डेव्हिएशन त्याच्या चिन्हासकट मिळवायचं. कमाल व्यासासाठी अप्पर, किमान व्यासासाठी लोअर. ‘एक मिळवा, एक वजा करा’ असं पाठ करू नका. ते पाठांतर दगा कुठे देतं ते थोडं पुढे येईलच.

लिहिताना बेसिक मापाला आधी डेव्हिएशनइतकी शून्यं द्या. ४० नाही, ४०.०००. मग दशांश चिन्हं एकाखाली एक येतील असं मांडा.

```
  ४०.०००          ४०.०००
+  ०.०११        −  ०.००५
---------       ---------
  ४०.०११          ३९.९९५
```

कमाल व्यास ४०.०११ मिमी, किमान व्यास ३९.९९५ मिमी.

डावीकडची बेरीज कोणी चुकत नाही. उजवीकडच्या वजाबाकीत मात्र ३९.९५, ३९.०९५, अगदी ३९.५ सुद्धा पाहायला मिळतं, कारण चाळिसातून हातचा घेत तीन शून्यं ओलांडावी लागतात. हा त्रास टाळायची सोपी युक्ती म्हणजे सगळं मायक्रॉनमध्ये करणं. एक मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन, तर ४० मिमी म्हणजे ४०,०००. त्यातून ५ काढले की ३९,९९५ उरतात. शेवटून तीन आकडे सोडून दशांश चिन्ह दिलं की ३९.९९५. अनुभवी लोक तोंडी असाच हिशोब करतात. ‘अकरा वर, पाच खाली’ एवढं बोललं की त्यांचं काम झालं.

उत्तराची पडताळणी, दोन प्रश्नांत

पहिला प्रश्न: कमाल वजा किमान किती? ४०.०११ − ३९.९९५ = ०.०१६. डेव्हिएशनमधलं अंतरही ११ आणि ५ मिळून १६ मायक्रॉनच आहे. जुळलं. किमान व्यास चुकून ३९.९५ लिहिला असता तर हे अंतर ०.०६१ आलं असतं आणि चूक तिथेच पकडली गेली असती.

पण एक चूक या पडताळणीतून निसटते. समजा एखाद्याने चिन्हांची अदलाबदल केली आणि +०.००५, −०.०११ असं वाचलं. त्याच्या लिमिट ४०.००५ आणि ३९.९८९ येतात. अंतर पुन्हा १६ मायक्रॉनच! म्हणून दुसरा प्रश्न विचारायचा: बेसिक माप ४०.००० दोन लिमिटच्या मध्ये कुठे बसतं? आपल्या ड्रॉइंगप्रमाणे ते किमान मापाच्या जवळ हवं, खाली पाच आणि वर अकरा. चुकीच्या उत्तरात ते कमाल मापाच्या जवळ गेलेलं दिसतं.

हा आकडा असा वाकडा का, हेही एकदा समजून घेतलेलं बरं, कारण समजलं की चिन्हं उलटी वाचली जात नाहीत. ३० ते ५० मिमी व्यासाच्या शाफ्टसाठी +११ आणि −५ मायक्रॉन ही जोडी लिमिट आणि फिटच्या तक्त्यात ‘जे ६’ या नावाने सापडते. फिरणाऱ्या शाफ्टवर हलका भार असेल तर बॉल बेअरिंगच्या जागेसाठी ही जोडी नेहमी वापरतात. साध्या अचूकतेच्या ६२०८ बेअरिंगचं भोक ४०.००० पेक्षा मोठं नसतं, आणि १२ मायक्रॉनपर्यंत लहान म्हणजे ३९.९८८ असू शकतं. सर्वांत मोठा शाफ्ट आणि सर्वांत लहान भोक एकत्र आले तर ४०.०११ − ३९.९८८ = ०.०२३ मिमीचा घट्टपणा मिळतो. उलट, सर्वांत लहान शाफ्ट आणि सर्वांत मोठं भोक आले तर ४०.००० − ३९.९९५ = ०.००५ मिमीची ढिलाई. म्हणजे बेअरिंग बहुतेक वेळा किंचित घट्ट बसावं, क्वचित जरासं सैल चाललं तरी हरकत नाही, असा डिझायनरचा हेतू आहे. चिन्हं उलटी वाचून ३९.९८९ चा शाफ्ट बनवला तर तीच ढिलाई ११ मायक्रॉनवर जाते. अशा शाफ्टवर बेअरिंगची आतली रिंग हळूहळू घसरत फिरू लागते आणि काही काळाने बसायची जागा घासून चकचकीत झालेली दिसते.

दोन ओळी दिसल्या म्हणून बायलॅटरल समजू नका

शेजारच्या दुसऱ्या शाफ्टवर ∅४० च्या पुढे वर +०.०१८ आणि खाली +०.००२ असं असू शकतं. तक्त्यात ही जोडी ‘के ६’ म्हणून आहे. इथे दोन्ही डेव्हिएशन एकाच बाजूला आहेत, म्हणून हा युनिलॅटरल टॉलरन्स. ‘एक मिळवा, एक वजा करा’ हे पाठांतर इथेच दगा देतं. त्या सवयीने किमान व्यास ३९.९९८ निघतो. चिन्हासकट मिळवलं तर खरं उत्तर येतं: कमाल ४०.०१८, किमान ४०.००२. किमान मापही बेसिक मापापेक्षा मोठं आहे. यात गोंधळून जाण्यासारखं काही नाही, शाफ्ट नेहमीच घट्ट बसायला हवा एवढाच त्याचा अर्थ. वर ० आणि खाली −०.०१६ असेल तर कमाल ४०.०००, किमान ३९.९८४. नियम तोच.

आणि ज्या व्यासापुढे काहीच लिहिलेलं नाही, त्याचं काय? तोही मोकळा सुटलेला नसतो. टायटल ब्लॉकमध्ये साधारण टॉलरन्सची ओळ असते, बहुधा आयएस २१०२ किंवा आयएसओ २७६८ मीडियम. त्याप्रमाणे ३० च्या वर १२० मिमीपर्यंतच्या मापाला ± ०.३ मिळतात. म्हणजे नुसतं ∅६० लिहिलेल्या भागाची कमाल लिमिट ६०.३ आणि किमान ५९.७. हाही बायलॅटरलच, फक्त मापाच्या शेजारी लिहिलेला नाही.

लिमिट काढल्या, आता मशीनवर कोणतं माप धरायचं?

दोन्ही लिमिटची सरासरी (४०.०११ + ३९.९९५) ÷ २ = ४०.००३ मिमी. बरेच जण ४०.००० धरून चालतात, कारण ड्रॉइंगवर मोठ्या अक्षरात तेच दिसतं. तसं केलं तर खाली घसरायला फक्त ५ मायक्रॉन उरतात. ४०.००३ धरलं तर दोन्हीकडे ८ मायक्रॉन मिळतात. सीएनसीवर प्रोग्रॅममध्ये बेसिक माप टाकण्याऐवजी हे मधलं माप टाकावं ते याचसाठी.

एकच जॉब हाताने करायचा असेल तर मी मधल्या मापाच्याही थोडं वर थांबेन, ४०.००५ च्या आसपास. शाफ्ट कमाल मापाच्या वर राहिला तर अजून एक हलका पास घेता येतो. किमान मापाच्या खाली गेला की कापलेलं मटेरियल परत येत नाही. मोठी बॅच असेल तर विचार उलटा होतो. टूलची धार झिजत जाते तसा बाहेरचा व्यास वाढत जातो, म्हणून नव्या धारेने सुरुवात करताना मधल्या मापाच्या जरा खालून केली की मधे-मधे ऑफसेट कमी वेळा बदलावा लागतो.

आता व्यास आणि त्रिज्येचा घोळ. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स पूर्ण व्यासावर असतो. ‘एका बाजूला अकरा मायक्रॉन, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून बावीस’ असा हिशोब करणारे दरवर्षी भेटतात. +०.०११ म्हणजे अख्खा व्यास अकरा मायक्रॉनने मोठा. त्रिज्येवर तो साडेपाचच मायक्रॉन पडतो. लेथवर याचा रोजचा उपयोग ४८ मिमीच्या खांद्यावर दिसतो. कट घेतल्यावर माप ४८.६२ आलं आणि ४८.०० वर आणायचंय, तर व्यासातून ०.६२ जायला हवेत आणि टूल आत जाईल ०.३१. काही लेथच्या क्रॉस स्लाइडचा डायल टूल किती सरकलं ते दाखवतो, काहींचा व्यास किती कमी होईल ते. अनोळखी लेथ असेल तर विचारत बसू नका. एक पास घ्या, मोजा, डायलवर ०.१० द्या, पुन्हा पास घ्या आणि मोजा. व्यास ०.२० ने उतरला तर डायल टूलचा, ०.१० ने उतरला तर व्यासाचा. हे मटेरियल भरपूर शिल्लक असतानाच करायचं, शेवटच्या कटला नाही.

बेअरिंगची जागा मात्र लेथवर थेट शेवटच्या मापाला आणायच्या भानगडीत नवशिक्याने पडू नये. सोळा मायक्रॉनच्या पट्टीसाठी व्यासावर साधारण ०.३ मिमी ठेवून जॉब सिलिंड्रिकल ग्राइंडिंगला द्यावा.

माप कशाने घ्यायचं

खांद्यासाठी ०.०२ लीस्ट काउंटचं व्हर्निअर पुरेसं आहे. बेअरिंगच्या जागेसाठी ते निकामी, कारण आपली सगळी पट्टीच ०.०१६ ची आहे. साधं ०.०१ चं मायक्रोमीटरही अपुरं पडतं, त्यावर ३९.९९ आणि ४०.०० या दोन रेघांच्या मध्ये ३९.९९५ कुठे आहे ते डोळ्याने अंदाजायचं, म्हणजे जॉब पास की फेल हे अंदाजावर सोडायचं. ०.००१ वाचणारं २५ ते ५० मिमीचं मायक्रोमीटर घ्या, त्याच्या २५ मिमीच्या सेटिंग पिसाने शून्य तपासा आणि दाब नेहमी रॅचेटने द्या.

त्याहून चांगली सोय म्हणजे स्टँडवर बसवलेला मायक्रॉनचा डायल कंपॅरेटर. खाली ४० मिमीचा स्लिप गेज ठेवून काटा शून्यावर आणायचा. मग शाफ्ट खाली सरकवत नेला की काटा जिथे सर्वांत वर जाऊन परततो ते त्या जागेचं वाचन. शून्य म्हणजे ४०.०००, त्यामुळे काटा +११ आणि −५ च्या मध्ये राहिला की जॉब पास. ड्रॉइंगवरचं डेव्हिएशन इथे तसंच्या तसं डायलवर वाचायला मिळतं, बेरीज-वजाबाकीच उरत नाही. नव्या पोराला लिमिट समजावायला मला यापेक्षा चांगलं साधन सापडलेलं नाही.

शॉपमध्ये स्नॅप गेज असेल तर एवढंच लक्षात ठेवा की शाफ्टसाठी ‘गो’ बाजू कमाल मापाची, ४०.०११ ची, आणि ‘नो-गो’ बाजू किमान मापाची, ३९.९९५ ची. भोकाच्या प्लग गेजला याच्या उलट असतं.

गरम जॉब मोजू नका. ही सूचना सगळेच देतात, पण आकडा कोणी सांगत नाही. ड्रॉइंगवरची मापं २० अंश सेल्सिअस तापमानाची धरलेली असतात. स्टील दर अंशाला, दर मीटरला सुमारे ११.५ मायक्रॉनने वाढतं. ४० मिमीचा शाफ्ट २५ अंशांनी जास्त गरम असेल तर तो ४० × २५ × ०.००००११५ = ०.०११५ मिमीने मोठा दिसेल. म्हणजे मशीनवर ४०.००३ दाखवणारा जॉब गार झाल्यावर ३९.९९१५ भरेल आणि किमान लिमिटच्या खाली जाईल. मोजला तेव्हा पास, सकाळी फेल!

मग मे महिन्यात शॉपच ३८ अंशांवर असतो, तेव्हा काय करायचं? शाफ्ट आणि स्लिप गेज दोन्ही स्टीलचे, त्यामुळे दोन्ही सारख्याच तापमानाला असतील तर दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढलेले असतात आणि फरक जवळजवळ मिटतो. जॉब आणि गेज एकाच सरफेस प्लेटवर शेजारी शेजारी तासभर ठेवून द्या आणि मगच कंपॅरेटर सेट करा. स्लिप गेज हातात धरून ठेवू नका.

एका वाचनावर पास करू नका

लिमिट हे बेअरिंगच्या अख्ख्या जागेला लागू असतात. १८ मिमी रुंदीच्या जागेवर दोन्ही टोकांना आणि मध्ये अशा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी शाफ्ट पाव फेरा फिरवून दोनदा मोजा. समजा अशी वाचनं आली:

```
                   पहिलं      पाव फेऱ्यानंतर
बाहेरचं टोक        ४०.००२     ४०.००४
मध्य               ४०.००५     ४०.००६
खांद्याकडचं टोक     ४०.०१३     ४०.०१२
```

सहा वाचनांची सरासरी ४०.००७ येते आणि ती लिमिटमध्ये आहे. तरी जॉब पास नाही, कारण लिमिट सरासरीला नसून प्रत्येक जागच्या व्यासाला आहेत. खांद्याजवळ तो कमाल मापाच्या वर गेला आहे. वाचनं आडवी पाहिली तर फरक एक-दोन मायक्रॉनचाच, म्हणजे शाफ्ट अंडाकार झालेला नाही. उभी पाहिली तर खांद्याकडे व्यास वाढत गेलाय, म्हणजे टेपर आहे. असा जॉब भंगारात जात नाही, कारण कुठलंच वाचन ३९.९९५ च्या खाली नाही. ग्राइंडिंग मशीनच्या टेबलाचा कोन दुरुस्त करून खांद्याच्या बाजूने आठ-नऊ मायक्रॉन उतरवायचे आणि बाहेरच्या टोकाला व्हील जेमतेम लागेल एवढंच ठेवायचं. बाहेरच्या टोकाचं लहान वाचन ४०.००२ आहे, किमान लिमिटपर्यंत तिथे सात मायक्रॉन शिल्लक आहेत, तेवढ्यात हे काम बसतं. तेच वाचन ३९.९९६ असतं तर एकच मायक्रॉन उरला असता आणि रीवर्कचा निर्णय सुपरवायझरला विचारून घ्यावा लागला असता.